गाडीचं नाव नव्हे, नंबर पाहा

कुर्डुवाडीची एक तरुणी परीक्षेसाठी मुंबईत आली होती. परतीचं तिकीट सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं होतं. रात्री सीएसएमटीवर ती पहिल्यांदाच एकटी उभी राहिली, तेव्हा समोर १८ फलाट होते.

तिने आधी तिकिटावरचा नंबर पाहिला: १२११५. नावापेक्षा नंबर भरवशाचा, कारण सोलापूरहून मुंबईला येणारी गाडीही सिद्धेश्वरच. तिचा नंबर मात्र १२११६. १ ते ७ हे फलाट लोकलचे, म्हणून ती लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला गेली. इंडिकेटरवर १२११५ दिसला, पण फलाटाची जागा रिकामी होती. कुणी म्हणालं, "काल अमुक फलाटावर लागली होती." फलाट बदलू शकतो, म्हणून ती तिथेच थांबली. आकडा झळकला आणि घोषणाही झाली, तेव्हाच ती निघाली.

आता डबा शोधायचा होता. तिकिटावर एस-४ होतं, म्हणजे स्लीपरचा चौथा डबा. वीसेक डब्यांची गाडी जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब असते. चुकीच्या टोकाला गेलं तर सामान घेऊन तेवढं अंतर परत चालावं लागतं. तिने फलाटावरच्या डबादर्शक पाट्या वाचत आपला डबा गाठला. चढण्यापूर्वी डब्यावरच्या पाटीवर 'मुंबई–सोलापूर' आहे ना, तेही पाहिलं.

स्टेशनवर अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. शंका आली तर चौकशी खिडकीवर विचारा किंवा १३९ वर फोन करा.