निलंबनात हातात किती?

समजा, कळंबच्या तहसील कार्यालयातील एक लिपिक निलंबित झाला आणि त्याचे मूळ वेतन ४०,००० रुपये आहे. वेतन थांबते, पण महाराष्ट्र नागरी सेवांच्या १९८१ च्या नियमांतील नियम ६८ नुसार निर्वाह भत्ता सुरू होतो.

पहिले तीन महिने : अर्धवेतनी रजेवर असताना मिळाले असते तेवढे वेतन, म्हणजे २०,००० रुपये आणि त्या रकमेवरील महागाई भत्ता.

तीन महिन्यांनंतर : निलंबन लांबण्यास कर्मचारी जबाबदार नसेल, तर भत्ता वाढवता येतो. ही वाढ पहिल्या भत्त्याच्या निम्म्यापर्यंतच, म्हणजे १०,००० रुपये. एकूण ३०,००० झाले, तर ते वेतनाच्या ७५ टक्के. चौकशी त्यानेच रखडवली असेल, तर तेवढीच कपात होऊन १०,००० उरू शकतात. महागाई भत्ताही त्या प्रमाणात बदलतो.

कुठे अडते? तीन महिने उलटले म्हणून रक्कम आपोआप वाढत नाही. सक्षम अधिकाऱ्याने आढावा घेऊन लेखी आदेश काढावा लागतो. म्हणून मुदत संपताच लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. दुसरीकडे नोकरी वा व्यवसाय करत नसल्याचे प्रमाणपत्र दिले नाही, तर भत्ता अडतो.

भत्त्याअभावी कर्मचारी चौकशीला हजर राहू शकला नाही, तर एकतर्फी चौकशी न्यायालयात टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये पॉल अँथनी प्रकरणात दाखवून दिले.