माथ्यावरचे एक वाक्य

सल्लागार कंपनीने केलेली स्लाइड दोनदा वापरली जाते. बैठकीत ती पडद्यावर दिसते, आणि बैठक संपल्यावर तीच फाइल मेलवरून फिरते. बैठकीला नसलेली माणसेही ती वाचून निर्णय घेतात. शेजारी उभे राहून समजावून सांगणारे तेव्हा कोणी नसते, म्हणून स्लाइडवर पुरेसा मजकूर लागतो. नेमक्या याच सबबीखाली ती भरत जाते. एकाने एक ओळ टाकलेली असते, वरिष्ठाने दुसरी सुचवलेली असते, आणि आठवडाभर केलेले काम कुठेतरी दिसावे म्हणून तिसरी आलेली असते.

एक उदाहरण घेऊ. संघ आणि आकडे काल्पनिक आहेत, पण स्लाइडचा घाट ओळखीचा वाटेल. समजा, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी दूध संघाने दूध का नासते हे शोधायला सल्लागार नेमले. त्यांच्या पहिल्या खर्ड्यातल्या स्लाइडचे शीर्षक आहे, ‘दूध संकलन व्यवस्थेचा आढावा व प्रमुख निरीक्षणे’. त्याखाली पाच मुद्दे:

• संकलन व्यवस्थेच्या सर्वंकष विश्लेषणातून असे निदर्शनास आले आहे की, दुधाची नासाडी हा एक अत्यंत महत्त्वाचा मुद्दा आहे.
• दररोजच्या एकूण १,२०,००० लिटर संकलनापैकी सुमारे ३,००० लिटर, म्हणजेच २.५ टक्के दूध शीतकरण केंद्रावर पोहोचेपर्यंत नासते.
• एकूण २२ मार्गांपैकी ४ मार्गांवर वाहतुकीला ३ तासांहून अधिक वेळ लागतो व सुमारे २,१०० लिटर नासाडी या मार्गांवर होते.
• नासाडी कमी करण्यासाठी वाहतुकीचे प्रभावी व परिणामकारक नियोजन करणे आवश्यक आहे.
• उत्पादकांना पैसे उशिरा मिळत असल्याने त्यांच्यात नाराजी आहे.

इथे लगेच शब्द खोडायला बसू नये. आधी विचारावे, ही स्लाइड वाचल्यावर संचालकांना कोणती एक गोष्ट पटलेली हवी? उत्तर तिसऱ्या मुद्द्यात दडले आहे: ‘रोज नासणाऱ्या सुमारे ३,००० लिटरपैकी २,१०० लिटर दूध ४ लांबच्या मार्गांवर नासते.’ हेच शीर्षक. मॅकिन्झी कंपनीत आलेखांचे काम अनेक वर्षे पाहणारे जीन झेलाझ्नी हाच आग्रह धरत: आलेखाच्या डोक्यावर विषयाचे नाव लिहू नका, त्यातून निघणारा निष्कर्ष लिहा. ‘आढावा’ या शीर्षकाखाली काहीही खपते. पूर्ण वाक्य लिहिले की खालची प्रत्येक ओळ त्या वाक्याला आधार देते की नाही, हे तपासता येते. असे वाक्यच सुचत नसेल, तर स्लाइडला अजून सांगायचेच काही नाही, आणि काटछाटीने ते येणार नाही.

आता पहिला मुद्दा पाहा. नासाडी महत्त्वाची आहे हे संघाला ठाऊक आहे. सल्लागार त्यासाठीच तर आले. तो पूर्ण गेला. चौथ्याला एक साधी कसोटी लावावी: याच्या उलट म्हणणारे कोणी सापडेल का? नियोजन निष्प्रभ असावे, असे कोणताही संचालक म्हणणार नाही. ज्या विधानाला विरोधच होऊ शकत नाही, त्याने स्लाइडवर जागा अडवू नये. त्याऐवजी ‘या ४ मार्गांवर गावातच दूध थंड करणारे कूलर बसवावेत’ असे म्हटले, तर खर्चावरून वाद होईल, आणि तो व्हायलाच हवा. पण ते पुढच्या स्लाइडचे वाक्य आहे.

दुसऱ्या मुद्द्यात एकच प्रमाण लिटरमध्येही आहे आणि टक्क्यांतही. संचालक लिटरचा हिशेब करतात, म्हणून लिटर ठेवावे. पाचवा मुद्दा खरा असेल, गंभीरही असेल, पण त्याचा शीर्षकाशी संबंध नाही. त्याला स्वतःची स्लाइड आणि स्वतःचा पुरावा हवा.

मग खाली उरते काय? २२ मार्गांचे आडवे पट्टे, नासाडीनुसार उतरत्या क्रमाने लावलेले; वरचे ४ गडद, बाकीचे फिके; प्रत्येक पट्ट्यापुढे लिटर आणि शीतकरण केंद्रापर्यंत लागणारा वेळ. तळाशी एक ओळ: संघाच्या नोंदी, एप्रिल ते जून. शीर्षकातला आकडा पट्ट्यांत पुन्हा दिसतो, त्याला पुनरुक्ती म्हणू नये, तो पुरावा आहे. पण आलेखाशेजारी चौकट काढून ‘४ मार्गांवर सर्वाधिक नासाडी’ असे लिहिले, की ती पुनरुक्ती होते. अशा चौकटी मला जवळपास प्रत्येक सादरीकरणात दिसतात, आणि त्या काढल्याने कोणाचे काही अडलेले पाहिले नाही.

खरी जोखीम पुढे आहे. कात्री चालू लागली की ‘सुमारे’ जातो, ‘एप्रिल ते जून’ जाते, आणि वाक्य ठसठशीत व्हावे म्हणून कोणीतरी लिहिते, ‘लांबच्या मार्गांमुळे दूध नासते’. आकड्यांनी हे सिद्ध केलेले नाही. त्याच ४ मार्गांवर कॅन नीट धुतले जात नसतील, किंवा उन्हाळ्याच्या आकड्यांवरून वर्षाचा निष्कर्ष निघत नसेल. ज्या शब्दाने दाव्याची हद्द ठरते, तो भरतीचा शब्द नव्हे. एखादा शब्द काढून पाहावा: दावा बदलला, तर तो परत ठेवावा; तसाच राहिला, तर जाऊ द्यावा.

वाक्य चुकीच्या जागी पडले तर काय होते, याचे भयंकर उदाहरण २००३चे आहे. ते सल्लागारांच्या नव्हे, अभियंत्यांच्या स्लाइडचे. कोलंबिया यानाच्या उड्डाणावेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला. यान अवकाशात असताना बोइंगच्या अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज नासासमोर मांडला. एका स्लाइडच्या शीर्षकावरून वाचणाऱ्याला दिलासा मिळत होता: चाचण्यांवरून केलेला अंदाज सावध बाजूने झुकलेला आहे, असा त्याचा सूर. आणि अगदी तळाशी, बारीक उपमुद्द्यात, होते की आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घनइंचांचा होता आणि चाचणीतला केवळ ३ घनइंचांचा. म्हणजे ६४० पट फरक. एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिरफाड केली, तेव्हा ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द तिच्यावर पाच वेळा आलेला दिसला, आणि तो कशाच्या मानाने लक्षणीय हे स्पष्ट होत नव्हते. अपघात चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या विश्लेषणाची दखल घेतली: ही स्लाइड वाचूनही जिवावरचा प्रसंग आहे हे एखाद्या वरिष्ठाच्या लक्षात न येणे सहज शक्य होते. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान तुटले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. एका स्लाइडने हे घडवले, असे कोणी म्हणू नये. निर्णय चुकण्याची इतरही कारणे होती. पण चाचणीच्या कक्षेबाहेरची धडक असल्याने अंदाजावर विसंबता येत नाही, हे वाक्य माथ्यावर हवे होते.

सगळ्या स्लाइड तयार झाल्यावर फक्त शीर्षके ओळीने एका कागदावर उतरवून वाचावीत. दूध संघाच्या कागदावर अशी तीन येतील: रोज सुमारे ३,००० लिटर नासते, त्यातले २,१०० लिटर ४ लांबच्या मार्गांवर, या ४ मार्गांवर कूलर बसवावेत. वाचताना लगेच जाणवते की दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये काहीतरी राहिले आहे. नासण्याचे कारण उशीरच आहे, हे दाखवणारी स्लाइड नाही. ती करायला एखाद्या मार्गावर काही दिवस गावातून निघताना आणि केंद्रावर पोहोचल्यावर दुधाचे तापमान आणि आम्लता मोजावी लागेल. मोजणी होईपर्यंत तिसऱ्या शीर्षकात ‘४ मार्गांपैकी एकावर कूलर लावून तपासावे’ एवढेच लिहिता येते.