लग्नपत्रिकेचे मुद्रितशोधन

लग्नपत्रिकेचे प्रूफ तपासताना आधी यजमानांची ओळ आणि तिच्याखालची सही पाहावी. बहुतेक पत्रिका जुन्या मजकुरावर नवी नावे बसवून तयार होतात आणि नेमके नाते तसेच राहते. समजा, आधी वडिलांच्या नावाने छापायची पत्रिका ऐनवेळी आजोबांच्या नावाने करायचे ठरले. सही बदलते, वर मात्र ‘आमची ज्येष्ठ कन्या’ तसेच राहते आणि नवरी आजोबांची मुलगी होते. तिथे ‘आमची नात’ हवे, पुढे आईवडिलांची नावेही.

मग उपाधी. वराला ‘चि.’, वधूला ‘चि. सौ. कां.’. दिवंगताच्या नावामागे ‘कै.’ येते, पण ते नाव ‘आपले नम्र’खाली नको, निमंत्रण हयात माणसेच देतात. विधवा आजीला चुकून ‘सौ.’ लागले तर घरात रुसवा ठरलेलाच.

मुहूर्त गुरुजींच्या चिठ्ठीशी आणि वार कॅलेंडरशी ताडावा: १२ डिसेंबर २०२५ला शुक्रवार आहे, गुरुवार नव्हे. ‘१२.३५’पुढे ‘दुपारी’ लिहावेच. कार्यालयाचा पत्ता बुकिंगच्या पावतीवरून घ्यावा, आठवणीतून नको. शेवटी नावे त्या त्या घरच्या माणसाकडून वाचून घ्यावीत. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ त्यांनाच ठाऊक.