144 चा मॉनिटर 60 वरच का अडकतो?

नवा मॉनिटर घरी येतो. खोक्यावर ठळक अक्षरांत 144 हर्ट्झ छापलेलं असतं. जोडून सुरू केला की चित्र स्वच्छ दिसतं, रंगही छान असतात, पण माऊस फिरवताना किंवा लांबलचक पान सरकवताना जुन्या मॉनिटरपेक्षा काही वेगळं जाणवत नाही. मग शंका येते की मॉनिटरच सदोष निघाला. तसं क्वचितच असतं. बहुतेक वेळा मॉनिटर 144 वर चालायला तयार असतो, पण विंडोजने त्याला 60 वर ठेवलेलं असतं, नाहीतर केबल चुकीच्या पोर्टमध्ये असते, नाहीतर केबललाच तेवढा भार पेलत नाही. या तिन्ही दोषांची लक्षणं वेगवेगळी आहेत. ती ओळखता आली तर खर्च करण्याआधीच दोष कुठे आहे ते कळतं.

रिफ्रेश रेट म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा. 60 हर्ट्झवर नवं चित्र साधारण दर 16.7 मिलिसेकंदांनी येतं, तर 144 वर दर 6.9 मिलिसेकंदांनी. त्यामुळे जलद गेममध्ये हालचाल स्पष्ट दिसते, आणि दिवसभर कोड किंवा हिशेबाचे तक्ते वरखाली करणाऱ्यालाही सरकणारी अक्षरं वाचता येतात.

आधी यादी पाहा

विंडोज 11 मध्ये Settings उघडून System, मग Display आणि खाली Advanced display असं जायचं. दोन मॉनिटर जोडलेले असतील तर सर्वांत वर योग्य मॉनिटर निवडायचा. खाली Choose a refresh rate असं लिहिलेलं असतं आणि त्यासमोर आकड्यांची यादी उघडते. पुढचं सगळं निदान या यादीवरून होतं.

यादीत 144 असेल आणि निवडलेलं फक्त 60 असेल, तर प्रश्न तिथेच सुटला. हे फार वेळा घडतं, कारण नवा मॉनिटर जोडला की विंडोज त्याने सुचवलेलं पसंतीचं माप घेतं आणि अनेक जलद मॉनिटरही ते 60 च सुचवतात. 144 निवडल्यावर पडदा क्षणभर काळा होतो आणि बदल ठेवायचा का, असं विंडोज विचारतं. काहीच दिसेनासं झालं तर घाबरायचं नाही. पंधरा सेकंद काहीही न दाबता थांबलं की आधीचं माप आपोआप परत येतं.

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसत असेल, म्हणजे Duplicate चालू असेल, तर दोघांना झेपेल असंच माप ठेवावं लागतं आणि लॅपटॉपचा 60 चा पडदा मॉनिटरलाही 60 वर खेचतो. विंडोजचं बटण आणि P एकत्र दाबून Extend किंवा Second screen only निवडलं की मॉनिटर मोकळा होतो.

144 यादीतच नसेल तर

ही यादी विंडोज मनाने बनवत नाही. केबल जोडताच मॉनिटर स्वतःची माहिती संगणकाला कळवतो: कोणतं रिझोल्यूशन चालेल, कोणत्या वेगाने चालेल. ग्राफिक्स त्यातलं आपल्याला आणि त्या पोर्टला न झेपणारं गाळतं आणि जे उरतं ते आपल्याला दिसतं. त्यामुळे 144 गायब असेल तर पहिला संशय पोर्टवर घ्यायचा.

हिशेब सोपा आहे. 2560 बाय 1440 च्या पडद्यावर सुमारे 36.9 लाख ठिपके असतात. प्रत्येकाच्या रंगासाठी 24 बिट धरले तर एका चित्राला जवळजवळ 8.85 कोटी बिट लागतात. सेकंदाला 60 चित्रं पाठवायची तर सुमारे 5.3 गिगाबिट आणि 144 पाठवायची तर 12.7 गिगाबिट. शिवाय दोन चित्रांमधल्या मोकळ्या जागेचा थोडा भार पडतो तो वेगळा. एचडीएमआय 1.4 चं पोर्ट चित्रासाठी सेकंदाला जेमतेम 8.2 गिगाबिट नेतं. त्यात 60 आरामात बसतं, 144 बसूच शकत नाही. एचडीएमआय 2.0 ची मर्यादा 14.4 गिगाबिट आहे, त्यामुळे तिथे 144 बसतं, पण फारशी जागा उरत नाही. डिस्प्लेपोर्ट 1.2 ला 17.3 गिगाबिट झेपतात, म्हणून तिथे ते सहज बसतं.

पोर्ट तोकडं पडतंय का, हे घरीच तपासता येतं. रिझोल्यूशन तात्पुरतं 1920 बाय 1080 करा आणि वेगाची यादी पुन्हा उघडा. ठिपके जवळजवळ निम्मे झाले. आता यादीत 120 किंवा 144 उगवलं तर समजायचं की मॉनिटर आणि विंडोज दोन्ही ठीक आहेत, वाटेत कुठेतरी वहनक्षमता कमी पडते आहे.

तरीही काही बदललं नाही तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे पाहायचं. नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकावर Device Manager मध्ये Display adapters खाली Microsoft Basic Display Adapter असं नाव दिसत असेल, तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तो ग्राफिक्स बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्यावा लागतो.

एका पुतण्याचा संगणक

माझा पुतण्या आर्किटेक्चर शिकतो. त्याने 27 इंची, 1440 रेषांचा, 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि तो जुन्या संगणकाला जोडला. यादीत फक्त 59.95 दिसत होतं. हा आकडा 60 च समजायचा, त्यात बिघाड काही नाही. मी त्याला म्हटलं, “त्याच पानावर मॉनिटर कशाला जोडलाय ते लिहिलेलं असतं, ते वाच.” Advanced display मध्ये मॉनिटरच्या क्रमांकापुढे Connected to आणि ग्राफिक्सचं नाव येतं. तिथे त्याच्या ग्राफिक्स कार्डाचं नाव नव्हतं. प्रोसेसरमध्येच असलेल्या साध्या ग्राफिक्सचं होतं.

कॅबिनेटच्या मागे वाकून पाहिल्यावर कारण दिसलं. यूएसबी आणि आवाजाच्या पोर्टांच्या शेजारी, म्हणजे मदरबोर्डवर, एक एचडीएमआय पोर्ट होतं आणि केबल त्यात होती. ग्राफिक्स कार्डाची पोर्टं त्याच्या खाली, आडव्या पट्टीत असतात. मदरबोर्डवरचं पोर्ट जुन्या 1.4 चं होतं. केबल खालच्या पट्टीत लावताच यादीत 120 आणि 144 दोन्ही आले.

“काका, आलं!” म्हणून तो खूश झाला. पण 144 वर गेल्यावर थोड्या थोड्या वेळाने पडदा सेकंदभर काळा व्हायचा आणि गडद चित्रात पांढरे ठिपके चमकून जायचे. 60 वर आणल्यावर सगळं शांत. हे केबलचं अस्सल लक्षण. ती केबल सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेली, जुनी होती. मॉनिटरच्या खोक्यातली डिस्प्लेपोर्ट केबल बाजूला पडून होती. ती कार्ड आणि मॉनिटर दोन्हीकडे लावली आणि 144 स्थिर झालं.

केबलचं बोलणं कसं ओळखायचं

ही गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. साध्या एचडीएमआय केबलमध्ये आपली क्षमता सांगणारी चिप नसते आणि एचडीएमआय 2.0 पर्यंतच्या जोडणीत दोन्ही टोकं आधी केबलची परीक्षाही घेत नाहीत. म्हणून कमकुवत केबल असली तरी 144 यादीत दिसतं, निवडताही येतं, आणि मग पडदा काळा होतो किंवा ठिपके चमकतात. डिस्प्लेपोर्टचं वेगळं आहे. तिथे चित्र सुरू होण्याआधी दोन्ही बाजू कोणता वेग टिकतो ते आजमावून पाहतात. केबल वाईट किंवा नीट न बसलेली असेल तर त्या खालच्या वेगावर समझोता करतात आणि 144 यादीतून गुपचूप नाहीसं होऊ शकतं. म्हणून डिस्प्लेपोर्टवर पर्याय दिसेनासा झाला, तर केबल काढून घट्ट बसवून पाहायची आणि जमल्यास दुसरी लावून पाहायची.

एचडीएमआय केबल विकत घेताना “2.1 ची केबल द्या” असं म्हणून भागत नाही, कारण 2.0, 2.1 हे आकडे पोर्टांचे आहेत, केबलचे वर्ग वेगळ्या नावांनी ओळखले जातात. 18 गिगाबिटसाठी तपासलेली केबल ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि 48 गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणवते. प्रमाणित केबलच्या पाकिटावर स्कॅन करून पाहता येईल असं लेबल असतं. लांबी जितकी जास्त तितका धोका जास्त, म्हणून दोन मीटरमध्ये भागत असेल तर पाच मीटरची घेऊ नये.

वाटेतल्या जोडण्या अनेकदा विसरल्या जातात. लॅपटॉपच्या यूएसबी-सीला लावायच्या अनेक साध्या हबांमधलं एचडीएमआय 4के पडद्यावर 30 हर्ट्झवरच थांबतं, मग मॉनिटर आणि केबल कितीही चांगली असो. 30 वर माऊसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो, तो डोळ्यांना लगेच खटकतो. हबच्या वर्णनात 4K 60Hz असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर 30 च धरून चालावं. लॅपटॉपचं यूएसबी-सी पोर्ट चित्र पाठवणारं असेल तर तिथून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला थेट जाणारी केबल हा बहुधा सर्वांत सरळ मार्ग.

मॉनिटरचा स्वतःचा मेन्यूही पाहावा. काही मॉनिटरमध्ये डिस्प्लेपोर्ट 1.1 वर किंवा एचडीएमआय जुन्या पद्धतीवर ठेवलेलं असतं आणि ते बदलेपर्यंत वरचे वेग मिळत नाहीत. काहींमध्ये दोन एचडीएमआय पोर्टांपैकी एकच जलद असतं. मॅन्युअलमध्ये प्रत्येक पोर्टासमोर कमाल वेग दिलेला असतो.

एवढं सगळं करूनही काही वेळा आकडा वाढत नाही. लॅपटॉपला फक्त एचडीएमआय 1.4 असेल आणि चित्र पाठवणारं यूएसबी-सी नसेल, तर कोणतीही महाग केबल त्याला 1440 वर 144 देणार नाही. तिथे 1440 वर 60 किंवा 75 ठेवायचं, की 1080 वर 120 घ्यायचं, एवढीच निवड उरते. दिवसभर अक्षरं वाचणाऱ्याने पहिलं घ्यावं, फक्त गेमसाठी मॉनिटर असेल तर दुसरं. आणि मॉनिटर अजून घ्यायचा असेल, तर तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर जाण्याआधी आपल्या संगणकाच्या मागच्या पोर्टांचा फोटो काढून मदरबोर्डाचं, ग्राफिक्स कार्डाचं किंवा लॅपटॉपचं मॉडेल लिहून न्या, आणि दुकानदाराला हा मॉनिटर याच पोर्टावरून किती हर्ट्झ देईल, असा थेट प्रश्न विचारा.