प्रमाणपत्र छापायला देण्याआधी

स्पर्धेच्या प्रमाणपत्राचा नमुना आला की यादीतलं सर्वांत लांब नाव, जोडआडनावासकट, त्यात घालून पाहावं. ते एका ओळीत, अक्षर बारीक न करता मावलं तरच जागा पुरेशी. मजकूर ‘प्रमाणित करण्यात येते की’ अशा वळणाचा असावा, उद्गारचिन्हं नकोत. हात लांब करून पाहताना नावाआधी चौकट डोळ्यांत भरली, तर तिची रेघ बारीक करावी.

गठ्ठा कापताना कागद मिलिमीटरभर सरकतो. चौकट कडेपासून ३ मिलिमीटरवर असेल, तर एकीकडे २, दुसरीकडे ४ उरतात आणि तिरपेपणा लगेच दिसतो. १० मिलिमीटरवर असेल, तर ९ आणि ११ मधला फरक जाणवत नाही. पार्श्वभूमीचा रंग मात्र कापरेषेबाहेर ३ मिलिमीटर न्यावा, नाहीतर कडेला पांढरी रेघ उरते.