हिरवळीभोवतीचा रस्ता: एका शाब्दिक उदाहरणाची घडण

“एका वर्तुळाकार हिरवळीची त्रिज्या ७ मीटर आहे. तिच्याभोवती ७ मीटर रुंदीचा रस्ता आहे. रस्त्याचे क्षेत्रफळ काढा.” नववीच्या वर्गासाठी असे उदाहरण मिनिटभरात तयार होते. आकडेमोड सोपी असते आणि ४६२ चौरस मीटर हे उत्तरही सुबक येते. तरीही हे उदाहरण कच्चे आहे, आणि वह्या तपासायला घेतल्या की ते जाणवते.

रस्त्याचे क्षेत्रफळ काढायचे तर बाहेरच्या मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळातून आतल्या हिरवळीचे क्षेत्रफळ वजा करायचे. इथे बाहेरची त्रिज्या १४ मीटर आहे. एखादी मुलगी आधी त्रिज्याच वजा करते, १४ उणे ७ म्हणजे ७, आणि त्याचा वर्ग करून २२/७ ने गुणते. तिला १५४ मिळतात. शेजारचा मुलगा फक्त हिरवळीचे क्षेत्रफळ काढून थांबतो. त्यालाही १५४ मिळतात. पहिलीला वर्गांची वजाबाकी आणि वजाबाकीचा वर्ग यांतला फरक समजलेला नाही. दुसऱ्याने प्रश्न नीट वाचलेला नाही. दोघांना वेगवेगळी मदत हवी आहे, पण पायऱ्या न मांडता नुसते उत्तर लिहिले असेल तर शिक्षकाला ते कळायला वाव नाही. त्रिज्या आणि रुंदी सारखीच ठेवल्यामुळे दोन चुका एकाच आकड्याआड लपल्या.

म्हणून उदाहरण रचताना बरोबर उत्तराच्या आधी चुकीच्या उत्तरांचा विचार करावा. मुले कुठे कुठे घसरतील याची यादी करायची आणि प्रत्येक घसरणीचे उत्तर वेगळे येईल असे आकडे निवडायचे.

२२/७ वापरायचे तर सातच्या पटीतले किंवा त्याच्या निम्म्याने वाढणारे आकडे सोयीचे पडतात. हिरवळीची त्रिज्या १४ आणि रस्त्याची रुंदी ३.५ मीटर घेऊ. पण उदाहरणात त्रिज्या द्यायची नाही, व्यास द्यायचा. बागेत टेप धरून मोजणाऱ्याला हिरवळीचा मध्य आखून दिलेला नसतो. त्याला या कडेपासून त्या कडेपर्यंतचे सर्वांत मोठे अंतरच मोजता येते. शिवाय व्यास दिला की मुलाला विचार करायला आणखी एक जागा मिळते.

आता शब्द पाहू. नुसते ‘हिरवळीला ३.५ मीटर रुंद रस्ता आहे’ असे लिहिले, तर कुणी तो हिरवळीच्या आतल्या कडेने काढेल आणि त्याचे २६९.५ चौरस मीटर हे उत्तर त्याच्या परीने बरोबरच असेल. तो दोष उदाहरणाचा. तेव्हा मजकूर असा करू:

“एका बागेत २८ मीटर व्यासाची वर्तुळाकार हिरवळ आहे. हिरवळीला लागून, बाहेरच्या बाजूने, सगळीकडे सारख्याच ३.५ मीटर रुंदीचा रस्ता करायचा आहे. त्या संपूर्ण रस्त्यावर किती चौरस मीटर फरशी बसवावी लागेल? (π = २२/७ घ्या.)”

‘सगळीकडे सारख्याच’ या शब्दांमुळे दोन्ही वर्तुळांचा केंद्रबिंदू एकच ठरतो. π ची किंमत सांगणेही गरजेचे आहे, कारण ३.१४ घेतले तर उत्तर थोडे बदलते.

बाहेरची त्रिज्या १७.५ मीटर. तिचा वर्ग ३०६.२५, आतल्या त्रिज्येचा वर्ग १९६, फरक ११०.२५ आणि त्याची २२/७ पट म्हणजे ३४६.५ चौरस मीटर. वर्गांच्या फरकाचे अवयव आठवणाऱ्या मुलीला वर्ग करायचीही गरज नाही. त्रिज्यांचा फरक ३.५, बेरीज ३१.५. ३.५ गुणिले २२/७ म्हणजे ११, आणि ११ गुणिले ३१.५ म्हणजे ३४६.५. बीजगणितातले सूत्र भूमितीत उपयोगी पडते, हे तिला इथे हाताने अनुभवता येते.

आता चुका पाहा. त्रिज्या आधी वजा करणाऱ्याला ३८.५ मिळतात. हिरवळीपाशी थांबणाऱ्याला ६१६. व्यासात रुंदी एकदाच मिळवणारा ३१.५ मीटर हा बाहेरचा व्यास धरतो आणि १६३.६२५ वर पोहोचतो. रस्ता हिरवळीच्या दोन्ही बाजूंना आहे हे त्याने आकृती काढून पाहिलेले नसते. व्यासालाच त्रिज्या समजणाऱ्याचे उत्तर ६५४.५ येते. हिरवळीचा परीघ ८८ मीटर, त्याला रुंदीने गुणणाऱ्याला ३०८ मिळतात. या शेवटच्या मुलाची वाट जवळजवळ बरोबर आहे. बाहेरचा परीघ ११० आहे. दोहोंची सरासरी ९९ घेऊन तिला ३.५ ने गुणले असते, तर ३४६.५ च आले असते. त्याला सूत्र पुन्हा पाठ करायला लावण्यापेक्षा एवढेच विचारावे की रस्त्याची आतली आणि बाहेरची कड सारख्याच लांबीची आहे का.

इथपर्यंतचे उदाहरण आठवीतल्या मुलालाही सुटेल, कारण वर्तुळाचे क्षेत्रफळ तेव्हाच शिकवलेले असते. नववीत जीवेचे गुणधर्म प्रमेये म्हणून अभ्यासतात, म्हणून त्याच रस्त्यावर दुसरे उदाहरण रचता येते:

“हिरवळीवर पाय ठेवायला मनाई आहे. रस्त्याच्या बाहेरच्या कडेवरील दोन बिंदूंमध्ये एक दोरी सरळ ताणली. ती २१ मीटर लांब आहे आणि तिचा फक्त मध्यबिंदू हिरवळीच्या कडेला टेकतो. रस्त्याचे क्षेत्रफळ काढा.”

इथे ना त्रिज्या दिली, ना रुंदी. मुले आधी म्हणतील की माहिती अपुरी आहे. पण दोरी ही मोठ्या वर्तुळाची जीवा आहे, आणि केंद्र व जीवेचा मध्य जोडणारा रेषाखंड जीवेला लंब असतो. त्यामुळे काटकोन त्रिकोण तयार होतो: एक बाजू हिरवळीची त्रिज्या, दुसरी अर्धी दोरी म्हणजे १०.५ मीटर, कर्ण बाहेरची त्रिज्या. पायथागोरसच्या प्रमेयाने दोन्ही त्रिज्यांच्या वर्गांचा फरक १०.५ चा वर्ग, म्हणजे ११०.२५. रस्त्याच्या क्षेत्रफळाला नेमका हाच फरक लागतो. उत्तर पुन्हा ३४६.५.

मजकुरात ‘मध्यबिंदू’ हा शब्द जाणून घातला आहे. ‘दोरी हिरवळीला स्पर्श करते’ एवढेच लिहिले असते, तर स्पर्शिका त्रिज्येला लंब असते हे प्रमेय लागले असते, आणि ते दहावीचे आहे. एका शब्दाने उदाहरण नववीच्या आवाक्यात राहते.

दोन्ही उदाहरणे लागोपाठ दिली की वर्गात कुणीतरी म्हणतेच, रस्ता तोच आहे म्हणून उत्तर तेच आले. त्यासाठी तिसरे उदाहरण तयार ठेवावे. दुसऱ्या बागेत हिरवळीची त्रिज्या १० मीटर आणि रस्ता ४.५ मीटर रुंद. बाहेरची त्रिज्या १४.५, त्रिज्यांची बेरीज २४.५, आणि ४.५ गुणिले २४.५ म्हणजे पुन्हा ११०.२५. हिरवळ लहान, रस्ता रुंद, तरी दोरी २१ मीटरचीच आणि फरशीही तेवढीच. मग मुलांनाच सांगावे: २१ मीटरची दोरी बसेल असा तिसरा रस्ता तुम्ही शोधा. हिरवळीची त्रिज्या त्यांनी हवी ती घ्यावी. बाहेरची त्रिज्या दर वेळी पूर्ण आकड्यात येणार नाही, वर्गमूळात लिहावी लागेल. क्षेत्रफळ मात्र दर वेळी ३४६.५ चौरस मीटरच येईल.