तुटलेली वायर ११० अंश दाखवते तेव्हा

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका डेअरीत पाश्चरायझर चालू करण्याचे काम होते. दूध अजून सोडले नव्हते, यंत्रातून गरम पाणी फिरवून चाचणी चालली होती. तापमापकाच्या डोक्याचे झाकण उघडून फिटर काहीतरी बघत होता आणि त्याच्या हातून वायर सुटली. पॅनेलच्या पडद्यावरचे तापमान ७३ वरून एकदम ११० अंशांवर गेले. पाणी निमूटपणे पुढच्या, म्हणजे ‘पाश्चराइज्ड’ टाकीकडे वाहत राहिले. अलार्म वाजला नाही, काही थांबले नाही. पीएलसीच्या दृष्टीने सगळे उत्तम होते: ७२ हवे होते, इथे तर ११० मिळत होते. प्रोग्राम माझाच होता.

पाश्चरायझरचा नियम साधा आहे. दूध निदान ७२ अंशांपर्यंत तापवायचे आणि निदान १५ सेकंद तसेच ठेवायचे. हे १५ सेकंद घड्याळाने नव्हे, नळीने मोजले जातात. तासाला ५,००० लिटर दूध जाणाऱ्या यंत्रात सेकंदाला साधारण १.४ लिटर पुढे सरकते. म्हणजे सुमारे २१ लिटर मावणारी लांब नळी, ‘होल्डिंग ट्यूब’, लावली की दुधाला ती ओलांडायला १५ सेकंद लागतात. नळीच्या शेवटी तापमापक असतो आणि त्याच्या पुढे एक व्हॉल्व्ह, फ्लो डायव्हर्शन व्हॉल्व्ह. प्लांटमध्ये सगळे त्याला एफडीव्ही म्हणतात. दूध पुरेसे तापले असेल तर तो पुढे सोडतो, नसेल तर मागे बॅलन्स टँककडे वळवतो.

एफडीव्हीची रचना बघण्यासारखी आहे. त्याला पुढच्या दिशेला ढकलते ती दाबाखालची हवा, आणि मागे खेचते ती स्प्रिंग. हवा सोडणारा सोलेनॉइड पीएलसीच्या विजेवर चालतो. वीज गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, हवेची नळी फाटली किंवा सोलेनॉइड जळला, यातले काहीही झाले तरी स्प्रिंग व्हॉल्व्हला ‘मागे’ नेते. दूध पुढे जाण्यासाठी सगळे ठीक असावे लागते. मागे जाण्यासाठी काहीच लागत नाही. प्रोग्रामही याच स्वभावाचा असायला हवा. माझा तसा नव्हता.

त्याचे कारण तापमापकात आहे. तो पीटी-१०० जातीचा असतो, म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार. शून्य अंशाला तिचा विद्युतरोध १०० ओम असतो आणि तापमान वाढेल तसा तो वाढतो. ७२ अंशांना तो सुमारे १२८ ओम होतो. वायर तुटली की रोध अमर्याद वाढतो, आणि वाढलेला रोध म्हणजे वाढलेले तापमान असेच उपकरण समजते. म्हणजे सेन्सर मेला की तो खोटे बोलतो, आणि तेही नेमके धोक्याच्या बाजूने. ही वायर दूध वाहत असताना तुटली असती आणि मिनिटभर कोणाच्या लक्षात आले नसते, तर ८० लिटरहून अधिक दूध तपासणीशिवाय पुढच्या टाकीत मिसळले असते. मग त्या टाकीतले सगळेच संशयास्पद.

यावर पहिला उपाय ट्रान्समीटरमध्येच असतो. ओमचे रूपांतर तो ४ ते २० मिलिअँप प्रवाहात करतो. सुरुवात शून्यापासून न करता ४ पासून ठेवली आहे, कारण तुटलेल्या तारेत प्रवाह शून्य होतो आणि ‘थंड’ व ‘मृत’ यांत फरक कळतो. ० ते १०० अंशांचा पल्ला धरला तर ७२ अंश म्हणजे १५.५२ मिलिअँप. सेन्सर तुटल्यावर ट्रान्समीटरने कुठे जायचे, हे त्यात आधी ठरवता येते. आमचा ‘वर जा’ असा सेट होता आणि तो २१.६ मिलिअँपवर जाऊन बसला होता. माझ्या गणिताने त्याचे ११० अंश केले. इथे तो ‘खाली जा’ असाच हवा. भट्टीत उलट: तिथे अति तापणे हा धोका, म्हणून तिथे ‘वर जा’. सेटिंग धोका ओळखूनच ठरवायचे, कॅटलॉगमधून उचलायचे नाही.

दुसरा उपाय प्रोग्राममध्ये. ३.८ ते २०.५ मिलिअँपच्या बाहेरचा आकडा तापमान म्हणून वापरायचाच नाही, तो सेन्सरचा बिघाड समजायचा. काही इनपुट कार्डे वायर तुटल्यावर स्वतःच सर्वांत मोठा आकडा, ३२७६७, देतात. ‘७२ पेक्षा जास्त आहे का’ एवढेच विचारणाऱ्या प्रोग्रामला तोही पास वाटतो.

पण तुटणे हा सेन्सरचा प्रामाणिक मृत्यू झाला. खरी भीती अर्धवट बिघाडाची. डेअरीत रोज वाफेने आणि पाण्याने धुणे चालते, त्यामुळे सेन्सरच्या डोक्यातला स्क्रू गंजतो आणि जोडात पाऊण ओम रोध वाढतो. साधारण ०.३८ ओम म्हणजे एक अंश, तेव्हा ७० अंशांचे दूध आता ७२ दाखवते. आकडा पल्ल्याच्या आत आहे, हलतोही आहे, शंका घ्यायला जागा नाही. तीन तारांची जोडणी लांब केबलचा रोध वजा करते, पण तिन्ही तारा सारख्या आहेत असे गृहीत धरून. एकाच स्क्रूवरचा गंज तिलाही चकवू शकतो. म्हणून दोन स्वतंत्र सेन्सर लावायचे. दोघांत एक अंशाहून जास्त फरक पडला तर दूध मागे. आणि दोघांची सरासरी कधीही काढायची नाही, कारण खोटारड्याला त्यात अर्धे मत मिळते. दोघेही ७२ च्या वर असले तरच पुढे.

आता वीज. लाइट गेली की व्हॉल्व्ह स्प्रिंगने मागे जातो, पंप थांबतात, इथवर ठीक. प्रश्न लाइट आल्यावरचा आहे. पीएलसीतल्या काही जागा वीज गेली तरी स्मरणात राहतात. ‘यंत्र चालू’ ही खूण चुकून अशा जागी ठेवली, तर वीज येताच पंप आपोआप सुरू होतो. दरम्यान, रिकामा वेळ मिळाला म्हणून कोणीतरी फिल्टर उघडून धुवायला घेतलेला असतो आणि त्याचा हात आत असतो.

म्हणून चालू होतानाच्या पहिल्या फेरीत ही खूण पुसायची. त्यासाठी जवळजवळ प्रत्येक पीएलसीत एक खास बिट असतो. मित्सुबिशीच्या एफएक्समध्ये `M8002`, डेल्टाच्या डीव्हीपीमध्ये `M1002`. पण एवढ्याने भागत नाही. अनेक ठिकाणी पीएलसीला यूपीएस दिलेला असतो, आणि मग पीएलसीला लाइट गेल्याचे कळतच नाही! त्याची पहिली फेरी येतच नाही, पंपाचा हुकूम चालूच राहतो, आणि मोटारीला वीज मिळाली की ती फिरते. यूपीएस लावून यंत्र सुरक्षित झाले असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. मुख्य पुरवठ्यावर फेज तपासणारा रिले लावून त्याचा संपर्क पीएलसीला द्यावा लागतो. खालच्या ओळींत तो `MainsOK` आहे.

```
IF FirstScan OR NOT MainsOK OR NOT StopOK THEN
    RunCmd := FALSE;
ELSIF StartBtn AND NOT StartOld THEN
    RunCmd := TRUE;
END_IF;
StartOld := StartBtn;

Forward := RunCmd AND SensorOK
           AND (T1 >= 72.0) AND (T2 >= 72.0);
```

`StopOK` म्हणजे स्टॉप बटण, पण उलट जोडलेले: दाबलेले नसताना त्यातून वीज वाहते. त्याची वायर उंदराने कुरतडली तरी यंत्र थांबते. स्टार्ट बटणात नुसते ‘दाबलेले’ पुरत नाही. आधी सुटलेले आणि आता दाबलेले, हा बदल लागतो. अडकून बसलेले बटण लाइट येताच यंत्र सुरू करू नये, एवढ्यासाठी `StartOld`. प्रत्यक्षात आणखी एक अट घालतात: एकदा दूध मागे वळले की तापमान किमान १५ सेकंद सलग टिकल्याशिवाय ते पुढे सोडायचे नाही. मोटारीच्या ड्राइव्हमध्येही ‘वीज आल्यावर आपोआप चालू’ असे सेटिंग असते. ते बंद आहे ना, हे वेगळे पाहावे. प्रोग्राम कितीही चांगला असला तरी तो तिथे पोहोचत नाही.

हे सगळे पीएलसी विचार करत आहे तोवर. तो मध्येच गोठला तर? पीएलसी एक फेरी सतत मारत असतो: इनपुट वाचा, प्रोग्राम चालवा, आउटपुट लिहा. एका फेरीला सहसा काही मिलिसेकंद लागतात. एखाद्या लूपमध्ये चूक राहिली आणि फेरी संपेचना, तर आउटपुट शेवटचे होते तसेच राहतात. व्हॉल्व्ह पुढे, आणि तापमान बघणारे कोणी नाही. इथे वॉचडॉग कामाला येतो. रात्री गस्तीवाल्याने दर तासाला हाक द्यावी आणि हाक आली नाही तर गावाने उठावे, तसा हा टायमर. प्रत्येक फेरी संपताना तो पुन्हा शून्यावर येतो. ठरलेल्या वेळात फेरी संपली नाही तर पीएलसी स्टॉपमध्ये जातो, आउटपुट बंद होतात, सोलेनॉइड सुटतो आणि उरलेले काम स्प्रिंग करते.

सीमेन्सच्या एस-७ मालिकेत ही मुदत मुळात १५० मिलिसेकंद असते. तेवढ्यात आपल्या यंत्रातून जेमतेम पाव लिटर दूध जाते. वॉचडॉग वारंवार पडू लागला की घाईतला माणूस मुदत वाढवत ६,००० मिलिसेकंदांपर्यंत नेतो आणि तक्रार मिटते. पण सहा सेकंदांत आठ लिटरहून जास्त दूध जाते. वॉचडॉग पडतो म्हणजे प्रोग्राम कुठेतरी अडतो आहे. शोधायचे ते, ओरडणाऱ्याचे तोंड बांधायचे नाही.

वॉचडॉगची नजर मात्र आखूड असते. फेरी वेळेत संपली एवढेच त्याला कळते. फेरीत चुकीचा निर्णय झाला तर नाही. माझ्या त्या चाचणीत तो अगदी समाधानी होता. व्हॉल्व्ह दूरच्या मॉड्यूलवर असेल आणि मधली केबल निसटली, तर मुख्य पीएलसी ‘बंद’ म्हणत राहतो, पण मॉड्यूल ‘शेवटचे मूल्य धरून ठेवा’ अशा सेटिंगवर असेल तर व्हॉल्व्ह पुढेच राहतो. तिथे ‘शून्य करा’ निवडावे लागते. आउटपुट रिलेचा संपर्कच चिकटला तर पीएलसीचा हुकूम बाहेर पडतच नाही. त्यासाठी व्हॉल्व्हवर स्थिती दाखवणारा स्विच बसवतात: मागे जा म्हटल्यावर एका सेकंदात तो गेला नाही, तर वेगळ्या वाटेने दुधाचा पंपच थांबवायचा. आणि माणसाच्या जिवाशी संबंध असलेले इमर्जन्सी स्टॉप साध्या पीएलसीच्या प्रोग्रामवर सोडू नये. ते सेफ्टी रिलेमधून थेट तारांनी घ्यावे.

त्या डेअरीत आम्ही ट्रान्समीटरचे सेटिंग बदलले, पल्ल्याची तपासणी घातली, दुसरा सेन्सर बसवला आणि चाचणी पुन्हा घेतली. तुमच्याकडे असे यंत्र असेल तर तुम्हीही घ्या. पाणी पुढे वाहत असताना सेन्सरची वायर सोडा, मुख्य स्विच पाडून पुन्हा चढवा, हवेची नळी काढा, मॉड्यूलची केबल उपसा, आणि दर वेळी पडद्याकडे नव्हे, व्हॉल्व्हकडे बघा. वायर पॅनेलमधली सोडू नका, सेन्सरच्या डोक्यातली सोडा. पॅनेलमधली सोडली तर ट्रान्समीटरची परीक्षा होतच नाही.